कॅप्शन शेवटच्या ओळीपासून लिहा

मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लेकरं लाकडी नंदी घेऊन निघतात त्या पोळ्याच्या, आदल्या दिवशी शेजारच्या गावची एक बाई लेकराला घेऊन आमच्या दुकानात आली. बाबांचं सुतारकाम आहे, पोळ्याला आम्ही सागवानी नंदी बनवतो आणि त्याचं फेसबुक पेज मी चालवतो. पेजवर एक नंदी फुकट द्यायचा गिव्हअवे ठेवला होता. तिने फोन पुढे केला आणि म्हणाली, "भाऊ, म्या त शेअर केलं होतं ना. मंग माह्या लेकराचं नाव चिठ्ठीत काहून नोयतं?"

तिने खरंच शेअर केलं होतं, पण तिची पोस्ट फक्त तिच्या मित्रांना दिसेल अशी होती, म्हणून आमच्या पेजला ती कधी दिसलीच नाही. आमची कॅप्शन अशी होती: "पेज लाइक करा, पोस्ट शेअर करा, तीन मित्रांना टॅग करा, पोळ्याआधी लकी विनर जाहीर करू." तालुक्यातल्या दहापैकी नऊ दुकानांची अशीच असते. आम्ही तिच्या लेकराला दुसरा नंदी दिला. लेकरू नंदी घेऊन गेलं तरी मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, कारण चूक तिची नव्हती. आम्ही अशी अट घातली होती जी आम्हाला स्वतःला तपासताच येत नव्हती.

म्हणून यंदा कॅप्शन उलटी लिहिली. आधी ठरवलं की निकाल कसा लावायचा. त्यावरून ठरवलं की लोकांना काय करायला सांगायचं. माझं स्पष्ट मत आहे की चिठ्ठ्या काढायला बसल्यावर जे आपल्या डोळ्यांना दिसणार नाही, ते भाग घेण्याच्या पायरीत घालायचंच नाही. शेअर दिसत नाही, म्हणजे शेअर बाद. कमेंट सगळ्यांना दिसते, त्यावर वेळ असते, नाव असतं. म्हणजे पायरी एकच, कमेंट.

शेअर आणि टॅगच्या अटीला आणखी एक मोठी अडचण आहे, ती आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. फेसबुकच्या नियमात साफ लिहिलंय की स्वतःची टाइमलाइन आणि मित्रयादी बक्षीस योजनेसाठी वापरता येत नाही. "भाग घ्यायला तुमच्या टाइमलाइनवर शेअर करा", "मित्रांना टॅग करा" ही वाक्यं तिथे चालत नाहीत म्हणून उदाहरणादाखल दिलेली आहेत. गिव्हअवे पेजवरून, ग्रुपमध्ये किंवा इव्हेंटवर ठेवता येतो, स्वतःच्या प्रोफाइलवरून नाही. इन्स्टाग्रामवर कमेंटमध्ये मित्राचं नाव लिहायला सांगणं वेगळं. पण जो माणूस फोटोत नाही त्याला फोटोवर टॅग करायला लावणं तिथेही बसत नाही.

आता यंदाची कॅप्शन जशीच्या तशी देतो. कोणाला उतरवून घ्यायची असेल तर खुशाल घ्या.

"तान्ह्या पोळ्यासाठी एक फूट उंच सागवानी नंदी, चाकांसह, एका कुटुंबाला मोफत.
भाग घेण्यासाठी: याच पोस्टखाली कमेंटमध्ये तुमच्या गावाचं नाव आणि तान्ह्या पोळ्याची एक आठवण लिहा. एका व्यक्तीची एकच कमेंट धरली जाईल. काहीही विकत घ्यायची गरज नाही.
कोण भाग घेऊ शकतं: आर्वी, आष्टी आणि कारंजा तालुक्यांत राहणारे, वय १८ पूर्ण. आमच्या घरचे आणि दुकानातले नाही.
मुदत: रविवार, १७ ऑगस्ट, रात्री ९ वाजेपर्यंत.
निवड: सोमवार, १८ ऑगस्ट, रात्री ८ वाजता याच पेजवर लाइव्ह. नियमात बसणाऱ्या सगळ्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून एक विजेता आणि दोन राखीव नावं काढू. आठवण कशी लिहिली याला गुण नाहीत. निकाल याच पोस्टमध्ये लिहू.
विजेत्याने मंगळवार, १९ ऑगस्ट, रात्री ९ पर्यंत पेजला मेसेज करावा. नाही आला तर पहिलं राखीव नाव.
आम्ही पैसे, ओटीपी किंवा बँकेची माहिती मागत नाही. कमेंटमध्ये फोन नंबर किंवा लेकराचा फोटो टाकू नका.
ही योजना फेसबुकने प्रायोजित केलेली नाही, तिला फेसबुकचं समर्थन नाही, फेसबुक ती चालवत नाही आणि तिचा फेसबुकशी संबंध नाही. भाग घेणारी व्यक्ती या योजनेबाबत फेसबुकला सर्व जबाबदारीतून मुक्त करते."

शेवटची दोन वाक्यं पाहून माझा मित्र म्हणाला, हे कोर्टाच्या कागदासारखं वाटते. वाटू द्या. फेसबुकला ती लागतात आणि लोकांनाही कळतं की तक्रार असली तर दुकानात यायचं.

मुदतीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. "१७ तारखेच्या रात्री १२ पर्यंत" असं कधीच लिहू नका. ते १२ म्हणजे १६ ची रात्र संपते ते की १७ ची, यावर आमच्या घरातच दोन मतं झाली. आमच्याकडे माणूस दिवसभर निंदणीत असतो, जेवण झाल्यावर फोन हातात घेतो. म्हणून संध्याकाळी ६ नको. ९ नंतर मात्र झोपतात. बाकी हिशोब पोळ्यापासून मागे केला. पोळा शुक्रवारी २२ ला, तान्हा पोळा शनिवारी. मंगळवारी उत्तर नाही आलं तरी राखीव नावाला सांगून नंदी पोहोचवायला दोन दिवस उरतात, आणि लेकराला नंदी सजवून बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला निघता येतं. तीनच तालुके ठेवले तेही त्यासाठीच, गाडीवर नेऊन देता येतं. महाराष्ट्रभर मोकळं ठेवलं असतं तर नंदी पोळा झाल्यावर पोहोचला असता.

"बिल दाखवा आणि ड्रॉमध्ये भाग घ्या" असं दिवाळीला खूप दुकानं करतात. मी ते करणार नाही. खरेदीची अट घातली की पैसे, नशीब आणि बक्षीस तिन्ही एकत्र येतात आणि गोष्ट लॉटरीच्या कायद्याकडे सरकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तर योजना संपल्यावर अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून लपवणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा धरलेली आहे. "विजेत्याला इनबॉक्समध्ये कळवलं आहे" एवढं लिहून मोकळं होणं म्हणूनच मला पटत नाही.

चिठ्ठ्यांच्या दिवशी एक गोष्ट नक्की करा. फेसबुक कमेंट आधी Most relevant अशा क्रमाने दाखवतं, त्यात बऱ्याच कमेंट दिसतच नाहीत. तिथे All comments निवडा. आम्ही वहीत सगळी नावं वेळेसकट उतरवली. एकाच माणसाच्या दोन कमेंट, ९ नंतरच्या कमेंट आणि अमरावतीहून आलेल्या काही कमेंट वगळल्या, आणि प्रत्येकीसमोर कारण लिहिलं. वहीचं पान लाइव्हमध्ये आधी दाखवलं, मग शेजारच्या पोरीने चिठ्ठी उचलली.

निकालानंतर तासाभरात आमच्याच फोटोचं दुसरं पेज उगवलं आणि राखीव नावाच्या एका काकूंना "तुम्हीच जिंकल्या, पोहोचवायचे २५० रुपये पाठवा" असा मेसेज गेला. काकूंनी पैसे पाठवले नाहीत. दुकानात फोन करून म्हणाल्या, "तुमच्या पोस्टमदी लिवलं हाये ना, पैसे मांगत नाही म्हणून."