फोन कपाटात ठेवल्यावर तीन आठवड्यांनी काय झालं

“सर्व पालकांना कळकळीची विनंती. रोज तीन तासांपेक्षा जास्त इन्स्टाग्राम बघणारं मूल डिप्रेशनमध्ये जातं, हे अमेरिकेत सिद्ध झालंय. दारूसारखंच व्यसन आहे हे, डोपामिनमुळे लागतं. आजच फोन काढून घ्या, २१ दिवसांत मूल पूर्वीसारखं होईल. आपल्या लहानपणी मोबाईल नव्हते, डिप्रेशनही नव्हतं. प्रत्येक ग्रुपवर पाठवा.”

हा मेसेज विश्रामबागच्या तीन शाळांच्या पालक-ग्रुपांवरून माझ्याकडे आला. मी सांगलीत किशोरवयीन मुलांचं समुपदेशन करते. तो वाचून घाबरलेले आईवडील समोर येऊन बसतात, म्हणून नीट उत्तर लिहायला घेतलं.

तीन तासांचा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये सूचनापत्रक काढलं, त्यात तो आहे. रोज तीन तासांपेक्षा जास्त वेळ सोशल मीडियावर असणाऱ्या मुलांमध्ये नैराश्याच्या आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट दिसतो, असं त्यात म्हटलंय. पण दुप्पट म्हणजे किती, ते बघा. समजा शंभरातल्या दहा मुलांना अशी लक्षणं असतील, तर दुप्पट म्हणजे वीस. उरलेली ऐंशी मुलं तेवढाच वेळ फोन बघतात आणि त्यांना ही लक्षणं नसतात. शिवाय ही लक्षणं आहेत, आजाराचं निदान नव्हे. त्याच पत्रकात हेही आहे, की काही मुलांना तिथे आधार आणि सोबत मिळते. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढंच गाळलं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधी काय आणि नंतर काय. फोन जास्त बघितल्याने मूल खचलं, की खचलेलं मूल फोनमध्ये शिरलं? ब्रिटनमधल्या मुलांवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दोन्ही गोष्टी दिसल्या. काही ठरावीक वयात, मुलींमध्ये साधारण ११ ते १३ आणि मुलग्यांमध्ये १४-१५ च्या सुमारास, एका वर्षी सोशल मीडियाचा वापर वाढला की पुढच्या वर्षी आयुष्याबद्दलचं समाधान थोडं घटलेलं दिसलं. आणि समाधान घटलं की पुढच्या वर्षी वापर वाढलेलाही दिसला. त्यामुळे सातवीतल्या मुलीच्या हातात स्वतःचं इन्स्टा खातं देऊ नका, असं मी पालकांना स्पष्ट सांगते. पण दहावीतल्या मुलीचा वापर अचानक वाढला असेल, तर फोन हिसकावण्याआधी तो कशामुळे वाढला ते विचारा.

व्यसनाबद्दल थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, सोशल मीडियाच्या व्यसनाची नोंद त्यात नाही. डोपामिन हे मेंदूतलं रसायन गरम भाकरीच्या वासानेही वाढतं, त्याच्या नावावर दारू आणि इन्स्टा एका पंगतीत बसवता येत नाहीत. मात्र लाईक कधी येईल याचा नेम नसतो, आणि नेम नसलेल्या गोष्टीची वाट बघत माणूस पुन्हा पुन्हा फोन उघडतो, हे खरं आहे. ते मोठ्यांनाही तितकंच लागू आहे.

लहानपणाचा मुद्दाही इथेच उरकते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ चं आहे, आणि देशात डेटा स्वस्त झाला तो सप्टेंबर २०१६ नंतर. त्या सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. आपल्या पिढीतही अशी मुलं होती. कुणाला ‘घुमा’ म्हणायचे, कुणाला ‘आळशी’, कुणाच्या अंगात आलं म्हणून देवऋष्याकडे न्यायचे. मोजलं नव्हतं, म्हणून दिसलं नाही.

आता फोन काढून घेण्याबद्दल. मेसेजमधला सर्वांत नुकसान करणारा सल्ला मला हाच वाटतो. एक मुलगी आठवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. दहावीत होती, वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी, आई घरी शिवणकाम करायची. दिवाळीनंतर आई तिला घेऊन आली आणि दारातच म्हणाली, “मॅडम, फोन कपाटात ठेवून तीन आठवडं झालं, तरी काय फरक न्हाई बघा. उलट अंगावर येतीया.” मुलगी खाली मान घालून बसली होती. जेवण कमी झालेलं, घटक चाचणीत गणितात निम्मे गुण गेलेले.

कपाटातला फोन दुसऱ्या दिवशी मागवला आणि फोनमध्ये वापराची नोंद ठेवणाऱ्या Digital Wellbeing मध्ये शिल्लक होते तेवढे दिवस आम्ही तिघींनी मिळून बघितले. फोन काढून घेण्याआधी रोज साडेचार तास वापर होता, त्यातला बराचसा रात्री साडेदहानंतरचा. जूनमध्ये मात्र जेमतेम तासभर बघायची, हे आईलाही आठवत होतं. मग मध्ये काय झालं? गणपतीच्या सजावटीवरून सहा मैत्रिणींत बिनसलं होतं. पाच जणींनी नवा ग्रुप काढला, हिला वगळून. त्या पाच जणी क्लासनंतर भेळ खायला जायच्या, त्याच्या स्टोरी ही रात्री अंथरुणात बघायची, त्याच त्याच, तीन-तीनदा. वापराचे तास त्यानंतर वाढले होते.

झोपेचा हिशेब मांडला तेव्हा आईच गप्प झाली. सव्वासहाचा क्लास, म्हणून साडेपाचला उठायचं. झोप लागायची सव्वाला. म्हणजे सव्वाचार तास. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे नवाला अंथरुणात घातलं तरी झोप लागत नाही. आठवडेच्या आठवडे इतकी कमी झोप झाली तर चिडचिड, रडू, गणितात चुका आणि भूक कमी होणं हे सगळं दिसू शकतं, आणि बाहेरून ते अगदी डिप्रेशनसारखं वाटतं.

मग फोन कपाटात गेल्यावर झोप सुधारायला हवी होती ना? मी तिला सात दिवसांचा तक्ता दिला. चार रकाने होते: अंथरुणात किती वाजता, झोप किती वाजता, उठले किती वाजता, दिवसभर मनाला दहापैकी किती. बिनफोनच्या त्या आठवड्यातही झोप पाच तासांच्या वर गेली नव्हती. तिसऱ्या दिवसापुढे तिनेच पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, ‘पप्पांचा मोबाईल, १२.३०’. वडील झोपले की ती त्यांच्या फोनवर त्याच स्टोरी बघायची, आता चोरून आणि घाबरत. आणि तासगावची मावसबहीण, जिच्याशी रोज संध्याकाळी व्हॉइस नोटवर बोलणं व्हायचं, ती मात्र तुटली होती. फोन गेला तसा एकुलता एक आधारही गेला, आणि जी गोष्ट रात्री छळत होती ती घरातच राहिली.

२१ दिवसांचं म्हणाल तर तो आकडाही दुसरीकडचा आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. खचलेल्या मुलाच्या मनाशी त्याचा संबंध नाही.

आम्ही जे केलं ते साधं होतं. फोन परत दिला, पण संध्याकाळी सहा ते सात, तासगावच्या बहिणीसाठी. रात्री दहाला घरातले तिन्ही फोन, वडिलांचा धरून, फ्रीजवर चार्जिंगला. उठायला गजराचं घड्याळ. त्या पाच जणींच्या स्टोरी म्यूट, आणि हे तिने स्वतः केलं, आईने नाही. सकाळचा क्लास सोडून संध्याकाळची बॅच घेतली, त्यावर वडील आधी अडले होते. तक्त्यावर झोप सात-साडेसात तासांवर यायला दहा दिवस लागले.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावचं उदाहरण पालक मला हमखास देतात. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद. ते उदाहरण मलाही आवडतं, पण त्यातलं नेमकं काय घ्यायचं ते बघा. फोन कुणाचा जप्त होत नाही, वेळ ठरलेली आहे, आणि नियम आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना सारखा आहे.

दोन आठवड्यांनी मुलीची चिडचिड ओसरली, जेवण सुधारलं. पण मनाच्या रकान्यात आकडा तीनच्या वर जाईना. रविवारी आजोळी गेली, फोन हातात नव्हता, पोरं अंगणात खेळत होती, तरी तीनच. तिथे मला कळलं की झोप आणि फोन यांच्या पलीकडे काही आहे. जगणं नकोसं वाटतं का, हे मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, तेव्हा ती नाही म्हणाली होती. पुन्हा विचारलं. बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “कधीकधी वाटतं, मॅडम.” असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून त्याला सांगता येतं. त्याच दिवशी तिचे आईवडील तिला मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले आणि उपचार सुरू झाले. तो मेसेज पाळून आणखी २१ दिवस वाट बघितली असती तर काय झालं असतं, याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून घरी बघायचं ते हे. चिडचिड किंवा उदासी (या वयात रडण्याऐवजी चिडचिडच जास्त दिसते) दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ आहे का? पुरेशी झोप झालेल्या आणि फोनपासून लांब गेलेल्या दिवशीही ती तशीच राहते का? आवडीच्या गोष्टी, मग ते क्रिकेट असो की कैरीचं लोणचं, नकोशा झाल्यात का? या तिन्हींचं उत्तर हो असेल तर तास मोजत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात चौकशी करता येते. मूल मरणाबद्दल बोललं, लिहिलं किंवा आपल्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर दोन आठवडेही थांबायचं नाही. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावं हे सुचत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.