क्लेम पाण्यात कसा घालावा

गोदामात पाणी शिरलं, माल भिजला आणि आता विमा कंपनीला ईमेल लिहायची आहे? मग भावनेला वाट करून द्या. विषयात लिहा : ‘अर्जंट!!! प्लीज हेल्प’. पॉलिसी नंबर लिहू नका, तो शोधून काढणं त्यांचं काम. तारीख, वेळ, गोदामाचा पत्ता हेही गाळा. सगळी तुर्भे एमआयडीसी भिजली होती, त्यांना कळेलच.

कारणाच्या जागी ‘छतातून बरेच दिवस गळत होतं, त्या दिवशी जरा जास्तच झालं’ असं प्रामाणिकपणे लिहा. नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला असं वाक्य मिळालं की त्याचं निम्मं काम तिथेच संपतं. नेहमीच्या फायर पॉलिसीत पूर आणि पाणी साचणं धरलेलं असतं, टाकी फुटणंही असतं. महिनोन्‌महिन्यांची झिरप मात्र देखभालीच्या हलगर्जीपणात जाते. रस्त्यावरचं पाणी शटरखालून आत आलं असेल, तरी ते तुम्ही लिहू नका. ‘गळती’ हा शब्द कसा आपलासा वाटतो!

आमच्या ओळखीच्या एका अगरबत्तीवाल्याने हीच पद्धत वापरली. गोदामात 320 खोके होते, 40 थप्प्या, प्रत्येकीत 8. त्याने एका ओळीत लिहिलं : ‘सगळा माल गेला, नुकसान अंदाजे 12 लाख.’ सर्व्हेअर आला आणि आधी मालाकडे न बघता शटरच्या आतल्या बाजूला वाकला. चिखलाची तपकिरी रेघ, टेपने मोजली तर 11 इंच. एका खोक्याची उंची 14 इंच. म्हणजे भिजला तो फक्त खालचा थर, 40 खोके. शिवाय खालचे खोके लगदा होऊन बसल्यामुळे वरचे 24 कोसळून पाण्यात पडले. एकूण 64. खरेदीच्या बिलाप्रमाणे खोक्याला 3,500 रुपये, म्हणजे 2,24,000. विक्रीचा भाव मालकाच्या मनात राहिला, तो तिथेच राहायचा असतो.

पण खरी मजा पुढे आहे. त्याच्याच हिशोबाने गोदामात 11,20,000 चा माल होता आणि विमा 8,40,000 चा. विमा 75 टक्के, तर नुकसानीचेही 75 टक्के : 1,68,000. काही पॉलिसींत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. ही 25 होती. मग सर्व्हेअरने बँकेत दिलेलं त्या महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट मागितलं. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढावी म्हणून त्यात 18 लाखांचा माल दाखवलेला. आता दोन आकड्यांपैकी खोटा कुठला, हे सांगायचं काम मालकाचं. बँकेला खरं सांगितलं म्हणावं तर विमा निम्म्याहून कमी, विमा कंपनीला खरं सांगितलं म्हणावं तर बँक रुसते. तेव्हा बँकेचा कागद अवश्य फुगवून ठेवा, असे प्रसंग रंगतात.

भिजलेला माल लगेच भंगारवाल्याला देऊन टाका. वास येतो हो! ओल्या अगरबत्तीचा मोगरा तिसऱ्या दिवशी नेमका कसला होतो ते सांगवत नाही. सर्व्हेअरने मोजायच्या आधी माल गेला की पुरावाही गेला. काही रटाळ लोक मात्र आधी फोटो काढतात, सुका माल उंचावर हलवतात, ओला वेगळा मांडून त्याची मोजणी लिहून ठेवतात. आणि वर ईमेल करतात ती अशी, वाचवत नाही :

‘पॉलिसी क्रमांक, गोदामाचा पत्ता. अमुक तारखेला पहाटे रस्त्यावरचं पाणी शटरखालून आत आलं, भिंतीवर 11 इंचांची खूण आहे. 64 खोके खराब, खरेदी किंमतीने 2,24,000 रुपये, अंतिम आकडा मोजणीनंतर. ओला माल वेगळा ठेवला आहे, हलवायला परवानगी कळवावी. सोबत : फोटो, स्टॉक रजिस्टर, खरेदीची बिलं, भिजलेल्या मालाची यादी. हवामान खात्याचा पावसाचा दाखला मागवला आहे. कृपया सर्व्हेअरचं नाव आणि भेटीची तारीख, हव्या असलेल्या कागदांची एकच पूर्ण यादी, सर्व्हे अहवालाची प्रत आणि निर्णयाची अपेक्षित तारीख लेखी कळवावी.’

बघा, एकही उद्गारचिन्ह नाही. त्यात जीएसटीची गोष्टही हे लोक विसरत नाहीत : नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं, म्हणून तेवढी रक्कम क्लेममध्ये मिळते का, ते पॉलिसीत आधीच बघून ठेवतात.

तुम्ही मात्र ‘लवकरात लवकर’ एवढंच लिहा. ‘लवकर’ला तारीख नसते, त्यामुळे उशीर झाला असं कुणी म्हणू शकत नाही. मग रोज फोन करा, दर वेळी वेगळा माणूस उचलेल आणि आणखी एक कागद मागेल. आमच्या अगरबत्तीवाल्याने गोदामाच्या भाडेकराराची प्रत तीनदा दिली. तिसऱ्या वेळी त्याने विचारलं, आधीच्या दोन कुठे गेल्या? पलीकडून उत्तर आलं, ‘साहेब, ईमेलवर पाठवल्या होत्या का?’