यामुळे म्हणजे कशामुळे?

कार्यालयीन अहवालांची भाषा तपासण्याचे काम माझ्याकडे आहे आणि या कामात माझा सर्वाधिक वेळ खाणारा शब्द ‘यामुळे’ हा आहे. वाक्याच्या पोटात असताना तो कोणाचे काही बिघडवत नाही. परिच्छेदाच्या अगदी सुरुवातीला येऊन बसला, की मात्र मागच्या परिच्छेदातील चार-पाच घटनांकडे एकदम बोट दाखवतो आणि नेमके कोणाकडे दाखवले ते सांगत नाही. ‘हे लक्षात घेता’, ‘त्यानुसार’, ‘याबाबत’ आणि ‘ते पाहता’ ही त्याचीच भावंडे असून सगळ्यांची खोड एकच आहे.

पंपाच्या अहवालाचेच पाहा. त्यातील एक परिच्छेद असा होता: “पंप क्रमांक 2 चे बेअरिंग झिजल्याचे तंत्रज्ञाने 3 तारखेला नोंदवले. देखभाल विभागाने नवीन बेअरिंग मागवण्याचा प्रस्ताव 5 तारखेला पाठवला. लेखा विभागाने तो त्रुटी काढून 8 तारखेला परत केला. दरम्यान पंप चालूच ठेवण्यात आला.” पुढच्या परिच्छेदाची सुरुवात होती: “यामुळे 11 तारखेला मोटार जळाली.”

हा मसुदा सर्व विभागांना इतका आवडला, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. देखभाल विभागाने वाचला तेव्हा ‘यामुळे’ म्हणजे प्रस्ताव परत केल्यामुळे. लेखा विभागाने वाचला तेव्हा ‘यामुळे’ म्हणजे झिजलेल्या बेअरिंगवर पंप दामटल्यामुळे. भांडार विभागाच्या मते दोष मुळात बेअरिंगचा, म्हणजे ते बनवणाऱ्याचा होता आणि तो बिचारा बैठकीला आलेला नव्हता. एका शब्दाने तीन विभागांना निर्दोष सोडले. सर्वांनी समाधानाने माना डोलावल्या आणि मसुदा अंतिम करण्यासाठी माझ्याकडे आला.

माझी तपासण्याची पद्धत साधी आहे. आधीचा परिच्छेद कागदाने झाकायचा, पुढच्या परिच्छेदाचे पहिले वाक्य एकटे वाचायचे आणि विचारायचे, “कोणते?” किंवा “कशामुळे?” उत्तर त्याच वाक्यात सापडले तर पुढे जायचे. न सापडल्यास कागद उचलून आधीच्या परिच्छेदात उमेदवार किती आहेत ते पाहायचे. उमेदवार एकच असेल तर वाक्य निदान चालते. एकाहून अधिक असतील तर दुरुस्ती अटळ असते. पंपाच्या परिच्छेदात चार उमेदवार होते आणि चौघेही पात्र होते.

मराठी लिंगभेद अशा वेळी मदतीला येईल, असे पुष्कळांना वाटते. ‘हा’ म्हटले तर निर्णय, ‘ही’ म्हटले तर चूक, ‘हे’ म्हटले तर काम, असा थोडासा पत्ता लागतोही. परंतु मुळे, बाबत, नुसार यांपैकी काहीही जोडायचे झाले, की हा निर्णय, ही चूक आणि हे काम या तिघांचेही ‘या’ होते आणि उरलासुरला पत्ताही पुसला जातो. ‘तो’चीही खात्री नाही. “तो 11 तारखेपर्यंत तसाच होता” असे लिहिले, तर पंपही पुल्लिंगी आणि प्रस्तावही पुल्लिंगी असल्याने तसाच कोण होता, हे दोघांनी आपसांत ठरवायचे.

यावर कार्यालयाने पूर्वीपासून एक उपाय शोधून ठेवलेला आहे, तो म्हणजे ‘सदर’. “सदर बाबीमुळे मोटार जळाली” असे लिहिले, की लेखकाला आपण फार काटेकोर झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ‘बाब’ या शब्दात पंप, प्रस्ताव, लेखा विभाग आणि कार्यालयाची इमारत असे सगळेच मावते. ‘वरील कारणास्तव’ची गत त्याहून वाईट आहे, कारण शेवटच्या क्षणी कोणीतरी मध्ये खर्चाचा तक्ता घालतो आणि ‘वरील’ म्हणजे तक्त्याची बेरीज होऊन बसते.

खरा उपाय म्हणजे सर्वनामाच्या पुढे नाम ठेवणे. ‘यामुळे’च्या जागी ‘या विलंबामुळे’ लिहायचे. हे सांगायला जितके सोपे आहे तितके करायला नाही, कारण ते नाम कोणते, हे मला माहीत नसते. मी अंदाजाने एखादे घातले, तर भाषा सुधारण्याच्या नावाखाली चौकशीचा निकालच लावल्यासारखे होईल. म्हणून मी मसुदा लिहिणाऱ्या सहकाऱ्यांकडे गेलो.

“साहेब, हे ‘यामुळे’ म्हणजे कशामुळे?”

“यामुळे म्हणजे यामुळेच,” ते म्हणाले. “वर लिहिलंय ना सगळं.”

“सगळ्यामुळे जळाली का?”

“तसं मी कुठे म्हटलं?”

मग नामांची सूची निघाली. देखभाल विभागाने ‘या दिरंगाईमुळे’ सुचवले. लेखा विभागाच्या मॅडम म्हणाल्या, की त्रुटी काढणे म्हणजे दिरंगाई नव्हे, ती नियमानुसार तपासणी आहे, तेव्हा ‘या निष्काळजीपणामुळे’ लिहा. कोणाचा निष्काळजीपणा, हे त्यांना सांगावे लागले नाही. भांडार विभागाने ‘या परिस्थितीमुळे’ असा तोडगा काढला आणि ‘सदर बाब’ वेश बदलून परत आली. विलंब, दिरंगाई आणि निष्काळजीपणा यांच्या अर्थांत एकेका कारणे दाखवा नोटिशीचे अंतर आहे. विलंब केवळ घडतो, दिरंगाई कोणीतरी करतो. सर्वनामाला नाव देताना निवाडाही दिला जातो, म्हणून अहवालात तरी मी शक्य तितके कोरडे नाम घेतो.

शेवटी अभियंत्यांना विचारले. झिजलेले बेअरिंग अडकू लागले, मोटारीवर भार वाढला, तिने जास्त विद्युतप्रवाह खेचला आणि वाइंडिंग तापून जळाले, असे त्यांनी सांगितले. म्हणजे तात्कालिक कारण पंप चालू ठेवणे हे होते. प्रस्ताव परत जाणे हे पंप चालू राहण्याचे कारण होते की नाही, हा वेगळा प्रश्न होता. मी वाक्य केले: “बेअरिंग झिजल्याची नोंद झाल्यानंतरही पंप क्रमांक 2 चालू ठेवल्यामुळे 11 तारखेला मोटार जळाली.” प्रस्तावाच्या प्रवासाला स्वतंत्र परिच्छेद दिला. काल सर्वांना आवडलेला अहवाल आज कोणालाच आवडेना, तेव्हा तो नि:संदिग्ध झाल्याची माझी खात्री पटली.

उरलेल्या पानांसाठी मी वर्डच्या शोधचौकटीत `^pया` लिहून या अक्षराने सुरू होणारे परिच्छेद हुडकले. त्यात ‘यादी’ आणि ‘यांत्रिक’ हेही सापळ्यात सापडतात, त्यांना सोडून द्यावे. दस्तऐवजाचा अगदी पहिला परिच्छेद मात्र असा सापडत नाही, कारण त्याच्या आधी परिच्छेदखूण नसते. तो डोळ्यांनीच पाहावा लागतो. परिच्छेदाच्या आतली सर्वनामे मी सहसा तशीच ठेवतो. एका उत्साही सहकाऱ्याने तीही हटवली, तेव्हा एका परिच्छेदात ‘पंप क्रमांक 2’ इतक्यांदा आला, की ती नामस्मरणाची पोथी वाटू लागली.

सुधारित अहवाल वरिष्ठांकडे गेला आणि त्यांच्या शेऱ्यासह परत आला: “पाहिले. हे गंभीर आहे. त्याबाबत तातडीने कार्यवाही व्हावी.” शेऱ्याची भाषा तपासण्याचे अधिकार मला नाहीत. देखभाल विभागाने त्या शेऱ्याच्या आधारे नवीन मोटार मागवली, लेखा विभागाने देखभाल विभागाचा खुलासा मागवला आणि भांडार विभागाने नवीन बेअरिंगसाठी पुन्हा प्रस्ताव पाठवण्यास सांगितले.