विहीणबाईंना पुढे पाठवता येईल का?

सराफ मंडळी, दिवाळीच्या पोस्टचं डिझाइन करायला देण्याआधी एकच प्रश्न विचारून बघा. ही पोस्ट तुमची गिऱ्हाईक बाई आपल्या विहीणबाईंना पुढे पाठवू शकेल का? "दिवाळी पाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा, मजुरीवर घसघशीत सूट" अशी पोस्ट ती पाठवणार नाही. पाठवली तर शुभेच्छा राहतात बाजूला आणि जाहिरात वाटल्यासारखं दिसतं. सूट सांगायचीच असेल तर आठ-दहा दिवस आधी वेगळ्या पोस्टमध्ये सांगा. घडवून घ्यायच्या दागिन्याची ऑर्डर तशीही सणाच्या दिवशी देऊन उपयोग नसतो. सणाच्या दिवशी फक्त शुभेच्छा.

मग आपण सोनं विकतो याची आठवण कशी राहणार? माझं मत असं, की आपल्या बहुतेक सणांत सोनं आधीच ठरलेल्या जागी बसलेलं आहे. ती जागा शोधायची आणि दागिना तिथेच दाखवायचा. मखमली डबीतला हार आणि कोपऱ्यात चिकटवलेली पणती, ही जागा नव्हे.

पाडव्याचंच उदाहरण घेऊ. औक्षणाच्या तबकात काय असतं? कुंकू, अक्षता, निरांजन, सुपारी आणि सोन्याची अंगठी. आधी कुंकू-अक्षता लावायच्या, मग सुपारी आणि अंगठी हातात घेऊन ओवाळायचं, मग निरांजन. म्हणजे सराफाला जे दाखवायचंय ते तबकात पूर्वापार आहेच. ते नीट दिसलं की काम झालं.

फोटोसाठी चांदीचं किंवा पितळेचं तबक घ्या. स्टीलच्या ताटात आजूबाजूचं सगळं दुकान दिसतं, फोटो काढणाऱ्यासकट. अंगठी साधा वेढा असू द्या, खड्यांची नको, कारण घराघरातून तबकात वेढाच असतो. ती सुपारीला टेकून ठेवा, आणि टॅगचा दोरा काढायला विसरू नका. तो राहिला की घरचं तबक क्षणात काउंटरवरचा ट्रे होतो. चौकटीत चेहरा नको, हिरव्या बांगड्या घातलेला एक हात पुरे. चेहरा आला की ती मॉडेल होते. हात असला की तो आपल्या घरातलाही असू शकतो.

खरी अडचण उजेडाची. निरांजनाची ज्योत फोटोतली सगळ्यात उजळ गोष्ट असते. ती सांभाळायला फोन बाकीचं चित्र काळवंडून टाकतो आणि सोनं शेवाळल्यासारखं दिसतं. उलट अंगठीवर बोट टेकवून उजेड वाढवला की ज्योतीचा पांढरा ठिपका होतो. उपाय साधा आहे. दिवसा, उन्हाच्या कवडशात नव्हे पण खिडकीशेजारी तबक ठेवा आणि खिडकीच्या काचेला बटर पेपर लावा. मऊ उजेड एका बाजूने आला की अंगठीची गोलाई दिसते. वरचे दिवे बंद करा. ट्यूबलाइट आणि ज्योत एकत्र आले की सोन्याची एक कड हिरवट आणि दुसरी नारिंगी येते, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. निरांजन अंगठीपासून चार बोटं लांब असू द्या. मग अंगठीवर बोट दाबून धरून उजेड तिथेच पक्का करा आणि ज्योतीचा आकार दिसेपर्यंत किंचित कमी करा. शेवटी फिल्टर लावून सोनं पिवळंधमक करायचा मोह आवरा. २२ कॅरेटचं सोनं इतकं पिवळं केलं की एक ग्रॅमच्या दागिन्यासारखं दिसतं, आणि ते तुमच्याच पेढीच्या नावाखाली.

आता मजकूर. माझ्या मते एवढा पुरे:

"तबकातली अंगठी घरचीच असते. ओवाळणीचं मात्र यंदाही गुपितच! पाडव्याच्या शुभेच्छा."

खाली पेढीचं नाव, चित्राच्या रुंदीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं. फोन नंबर, तीन शाखांचे पत्ते, भाव, काही नको. 'ओवाळणी' या शब्दात नवऱ्याला जे कळायचं ते कळतं. भाव टाकण्यात आणखी एक घोटाळा असतो. तो रोज बदलतो आणि पोस्ट मात्र आठवडाभर फिरत राहते. मग गिऱ्हाईक जुना स्क्रीनशॉट दाखवून त्याच भावाने मागतं. कुणी विचारलंच तर कमेंटमध्ये वजन आणि मजुरी वेगवेगळी सांगा.

व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून बारीक करतं, त्यामुळे नाजूक रेषांचा फॉण्ट फुटतो आणि वेलांट्या गायब होतात. जाड अक्षर, दोन-तीन ओळी. फेसबुकसाठी १०८० बाय १३५० आणि स्टेटससाठी १०८० बाय १९२० अशी दोन चित्रं करा. स्टेटसच्या चित्रात वर-खाली साधारण आठवा भाग मोकळा सोडा, नाहीतर पेढीचं नाव उत्तराच्या पट्टीखाली जातं. आणि ब्रॉडकास्ट फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. यादी २५६ जणांची असली तरी सगळ्यांना मिळाला असं समजू नका.

इंटरनेटवरून उचललेल्या चित्रांबद्दल एक चिडचिड नोंदवतेच. अक्षरांना जागा करायला डिझायनर फोटो आडवा उलटवतो, आणि नथ डाव्या नाकपुडीतून उजवीत जाते, पदरही उजव्या खांद्यावर येतो. साधं गिऱ्हाईक "काहीतरी चुकलंय" एवढंच म्हणेल, पण नथ विकणाऱ्याच्या पोस्टमध्ये हे शोभत नाही. वटपौर्णिमेला चाळणीतून चंद्र बघणारी बाई असते, तो करवा चौथ आहे. दसऱ्याला आपट्याच्या जागी कांचनाचं भलंमोठं पान असतं. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. ज्या दिवशी पानालाच सोनं म्हणतात, त्या दिवशी सराफाने निदान पान तरी खरं दाखवावं! त्या दिवशी पानाशेजारी दागिना ठेवूही नये असं मला वाटतं. पान आणि खाली पेढीचं नाव, बाकीचं वाचणारा जोडून घेतो.

संक्रांतीला हलव्याचे दागिने आहेतच. काळ्या साडीवर पांढऱ्या हलव्याची ठुशी दाखवली की सोन्याची ठुशी वेगळी दाखवावी लागत नाही. सोनं ओढूनताणून आणावं लागतं अशा सणांना, होळी घ्या किंवा ईद घ्या, साध्या शुभेच्छा द्याव्यात आणि गप्प बसावं.

परत पाडव्याकडे, कारण पोस्ट पाठवताना एक गोष्ट हमखास राहून जाते. तुमच्या यादीत नवरा गेलेल्या बायकाही असतात, आणि त्यांना "ओवाळणीचं गुपित" पाठवणं क्रूर होतं. काउंटरवरच्या जुन्या माणसाला घेऊन बसा, त्याला घरं माहीत असतात. यादीचे दोन भाग करा. सुपारी आणि अंगठी भाऊबीजेच्या तबकातही असते, त्यामुळे फोटो तोच चालेल. फक्त ओळ बदलून त्यांना ती भाऊबीजेला पाठवा. आणि ज्या घरात वर्षभरात कुणी गेलंय, त्यांचा नंबर यंदा दोन्ही याद्यांतून काढा.