९४३१ म्हणजे बिहार, म्हणजे फ्रॉड?

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बी विंगमधल्या काकांनी एक स्क्रीनशॉट टाकला. ‘हा कोणाचा नंबर? दोनदा येऊन गेला.’ नंबर +९१ ९४३१ ने सुरू होणारा, खाली ॲपने लिहिलेलं ‘बिहार’. मिनिटभरात उत्तर आलं, ‘बिहारचा आहे. फ्रॉड. ब्लॉक करा.’ त्यावर धडाधड अंगठे. काकांनी ब्लॉक केला.

ती फिजिओथेरपिस्ट होती. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, व्यायाम करून घ्यायला हॉस्पिटलने पहिल्यांदाच पाठवलेली मुलगी. अर्धा तास गेटवर उभी राहून फोन लावत होती. शेवटी परत गेली.

फोन नंबर वाचता येतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. वाचायचाच तर नीट वाचा.

+९१ म्हणजे भारत. त्यातलं + चिन्ह म्हणजे ‘इथून देशाबाहेरची लाइन लावा’ एवढंच. भारतातून त्या जागी ०० लागतं, अमेरिकेतून ०११. मोबाइल ते आपोआप करतो. म्हणून नंबर सेव्ह करताना +९१ आणि पुढे दहा आकडे, मध्ये शून्य न घालता, असा करावा. मुलाकडे परदेशात गेल्यावर ‘घरचा फोन लागत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा त्या शून्यापायी असते. पण +९१ म्हणजे माणूस भारतात बसलाय असं नव्हे. दुबईत रोमिंगवर असलेला माणूसही +९१ च असतो.

आता पुढचे दहा आकडे. मोबाइलच्या मालिका आधी ९ च्या निघाल्या, त्या पुरेनात म्हणून ८, मग ७, मग ६. पहिले चार आकडे (काही मालिकांत पाच) मुळात एका कंपनीला एका सर्कलसाठी, म्हणजे फोनसेवेसाठी आखलेल्या एका विभागासाठी, दिलेले. ९८२२ आयडियाला महाराष्ट्रासाठी, ९८२० मुंबईसाठी दुसऱ्या कंपनीला, ९४२२ बीएसएनएलला महाराष्ट्रासाठी. आणि ९४३१ बीएसएनएलला बिहार सर्कलसाठी. ॲप जे ‘बिहार’ दाखवतं ते या जुन्या तक्त्यातून. त्याला त्या मुलीचा पत्ता माहीत नाही, ती कुठे उभी आहे तेही माहीत नाही. चार आकडे तक्त्यात शोधले आणि समोरचा शब्द छापला, एवढंच त्याने केलं.

बरं, सर्कल म्हणजे राज्यही नव्हे! देशात २२ सर्कल आहेत आणि त्यांच्या हद्दी नकाशावरच्या राज्यांशी जुळत नाहीत. आपल्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो, पण मुंबई येत नाही, तिचं सर्कल वेगळं. झारखंड २००० साली वेगळं राज्य झालं, तरी ते आजही बिहार सर्कलमध्येच आहे. ही मुलगी रांचीची. म्हणजे ग्रुपवरच्या आपल्या पंडितांना राज्यसुद्धा धड ओळखता आलं नाही.

आणि तेवढं ओळखूनही काही उपयोग नव्हता, कारण २० जानेवारी २०११ ला नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर सुरू झाली. तेव्हा ती सर्कलच्या आतच होती. ३ जुलै २०१५ पासून दुसऱ्या सर्कलमध्येही तोच नंबर नेता येतो. त्या दिवसापासून पहिले चार आकडे फक्त जन्मदाखला आहेत. नंबर कुठे आणि कोणत्या कंपनीच्या मालिकेत जन्मला ते सांगतात, आज कुठे राहतो ते नाही. तुम्ही ९४३१ चा नंबर लावता तेव्हा तुमची कंपनीसुद्धा त्या आकड्यांवर विसंबत नाही. ती आधी पोर्ट झालेल्या नंबरांच्या नोंदी बघते. तिथून त्या नंबरासाठी चार आकड्यांचा वेगळा राउटिंग कोड मिळतो, आणि कॉल त्या कोडवरून आजच्या कंपनीच्या आजच्या सर्कलकडे जातो. ती मुलगी पुण्यात आली, नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून घेतला. बीएसएनएलही राहिलं नाही, बिहारही राहिला नाही. नंबर तेवढा जुना, कारण तिच्या आईला तोच पाठ आहे.

‘पण आपल्याकडच्या नंबरावर विश्वास ठेवायला काय हरकत आहे?’ असं एकाने विचारलंच. हरकत मोठी आहे. वापर थांबून बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर नव्या गिऱ्हाईकाला देता येतो. त्यामुळे ९८२२ बघून ‘जुना, भरवशाचा, आपला माणूस’ म्हणू नका. तो नंबर गेल्या महिन्यात कोणीही घेतलेला असू शकतो. शिवाय परदेशातून इंटरनेटवरून कॉल करून तुमच्या स्क्रीनवर भलताच +९१ नंबर उमटवता येतो. असे कॉल अडवायची यंत्रणा दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, पण देशातच दुसऱ्याच्या नावावर घेतलेल्या सिमवरून येणारा कॉल तिला कसा कळणार? तो तर खऱ्याच नंबरावरून येतो. आणि ॲपवर दिसणारं नाव? ते बऱ्याचदा लोकांनी आपापल्या फोनमध्ये जे सेव्ह केलं किंवा जे सुचवलं, त्यावरून आलेलं असतं.

आपल्याला नंबर मोबाइलचा की लँडलाइनचा हेसुद्धा नेहमी ओळखता येत नाही. नागपूरचा एसटीडी कोड ०७१२. शून्य काढून +९१ लावलं की लँडलाइन ७१२२ ने सुरू होते आणि डोळ्यांना मोबाइल वाटते. गोव्याचा ०८३२, तिथली लँडलाइन ८३२२ ने सुरू होते. ‘७१ वाला कोण हा’ म्हणून नागपूरच्या सरकारी ऑफिसचे फोन कापणारे लोक आहेत.

हो, मान्य आहे, लोक उगाच घाबरत नाहीत. निवृत्त माणसाची ठेव एका कॉलवर जाते, हे सगळ्यांनी आजूबाजूला पाहिलंय. काकांचा राग नाही मला. त्यांनी विचारलं, ते बरोबरच केलं. राग उत्तर देणाऱ्याचा आहे.

सुरुवातीच्या आकड्यांवरून खरंच काही कळतं अशा मालिका आहेत, पण त्या वेगळ्या. १४० ने सुरू होणारा कॉल जाहिरातीचा. १६०० ने सुरू होणारा बँक, विमा कंपनी किंवा सरकारी खात्याचा. या मालिका नोंदणी करून संस्थांना मिळतात, दुकानात सिम म्हणून विकल्या जात नाहीत, म्हणून तिथे आकडे काहीतरी बोलतात. दहा आकडी साध्या मोबाइलवरून कोणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणालं तर नंबर ९८ चा आहे की ९४ चा हे बघत बसू नका. फोन ठेवा, कार्डाच्या मागे छापलेला नंबर स्वतः लावा. तो माणूस ओटीपी मागतोय का, घाई करतोय का, ‘कोणाला सांगू नका’ म्हणतोय का, हे ऐका. ती मुलगी फोन उचलला असता तर काय म्हणाली असती? ‘गेटवर आहे, फ्लॅट नंबर सांगता का?’

संध्याकाळी काकांनी ब्लॉक काढून स्वतः तिला फोन केला. ती चिडली नव्हती. ‘होतं असं, सर,’ म्हणाली. हे ‘होतं असं’ ऐकून मला जास्त वाईट वाटलं.

उद्या अकरा वाजता ती पुन्हा येतेय. वॉचमनकडे नाव दिलंय. ग्रुपवरचा ‘फ्रॉड’ मेसेज मात्र अजून तसाच आहे, आणि त्यात तिचा पूर्ण नंबर दिसतोय. ज्याने स्क्रीनशॉट टाकला आणि ज्याने उत्तर दिलं, दोघांनी आज रात्रीच ते डिलीट करा. ज्यांनी तो पुढे बाकीच्या ग्रुपवर पाठवला, त्यांनीही.