ब्रेडचं पाकीट आधी पालथं करा

"डायबेटिस असेल तर पांढरा ब्रेड बंद करा. ब्राऊन किंवा मल्टिग्रेन ब्रेड बिनधास्त खा, त्यात मैदा नसतो आणि शुगर वाढत नाही. ब्रेड जितका गडद, तितका चांगला."

असा सल्ला कुठेतरी वाचून माझ्या मावशीने नाश्त्याला दोनाच्या जागी चार स्लाइस खायला सुरुवात केली. म्हणून हा वैताग.

रंगाचं लगेच निकालात काढू. कणकेच्या ब्रेडचा रंग फिकट तपकिरी असतो. त्याहून गडद दिसला तर घटकांच्या यादीत कॅरामल रंग किंवा १५०ए, १५०सी, १५०डी असा क्रमांक शोधा. हा रंग मैद्यातही घालता येतो.

"मैदा नसतो" हे मात्र धादांत खोटं. अन्नसुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआयच्या २०२०च्या लेबलिंग नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जे सर्वांत जास्त, ते पहिलं. पुढच्या बाजूला गव्हाच्या ओंब्या छापलेल्या असोत नाहीतर शेतकरी हसत असो, यादीत पहिलं 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' असेल तर तो मैद्याचाच ब्रेड. नुसतं 'व्हीट फ्लोअर' लिहिलं असेल तरी ती कणीक आहे असं धरून चालू नका. 'होल व्हीट फ्लोअर' किंवा 'आटा' हवं, आणि शेजारी कंसात टक्के असतील तर तेही बघा.

मल्टिग्रेनची गंमत मिठाने पकडता येते. समजा यादी अशी आहे: मैदा, गव्हाचा कोंडा, साखर, यीस्ट, मीठ, ओट्स, नाचणी, ज्वारी. ब्रेडमध्ये मीठ पिठाच्या साधारण दोन टक्के पडतं. चारशे ग्रॅमच्या ब्रेडला अडीचशे ग्रॅम पीठ धरलं, तर मीठ पाच ग्रॅम. मिठानंतर आलेली नाचणी त्याहून जास्त असूच शकत नाही, म्हणजे अख्ख्या ब्रेडमध्ये जेमतेम एक चमचा. सोळा स्लाइसमध्ये वाटली तर प्रत्येकी अर्धा ग्रॅमही येत नाही. नाव मात्र नाचणीचं!

एक मान्य करतो: खऱ्या कणकेच्या ब्रेडमध्ये तंतू जास्त असतात, आणि पोटाला ते बरे. पण शुगरच्या बाबतीत फार आशा नको. २००८च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढऱ्या ब्रेडचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते त्याचं माप, सरासरी ७५ आहे आणि होल व्हीटचा ७४. बारीक दळलेलं पीठ कोंड्यासकट असलं तरी लवकर पचतं. तेव्हा चार स्लाइस म्हणजे दोनाच्या दुप्पट पीठ, रंग कुठलाही असो.

यादीत 'व्हीट ग्लुटेन' दिसलं म्हणून बिचकू नका. कोंड्यामुळे पीठ नीट फुगत नाही, म्हणून ते घालतात. गव्हाचं ग्लुटेन चालत नसेल, तर यातला कुठलाच ब्रेड तुमचा नाही.