एकशे अठ्ठ्याऐंशी रुपयांचा खड्डा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत खजिनदार निवडला जात नाही. सभेला जो उशिरा पोचतो, त्याच्या गळ्यात ते पद पडलेलं असतं. मी तसाच खजिनदार झालो. त्यामुळे तळमजल्यावरच्या काकांचा मेंटेनन्सचा चेक परत आला तेव्हा बँकेचा मेमो माझ्या हातात पडला. रक्कम ९,६०० रुपये, कारण ‘फंड्स इन्सफिशियंट’.

काका चिडले. पण स्वतःवर नव्हे, बँकेवर. "खात्यात ९,४१२ होते! तेवढे द्यायचे ना, १८८ मी रोख आणून दिले असते."

काकांना वाटतं चेक म्हणजे भेळ, अर्धी प्लेटही मिळते. चेक पूर्ण वटतो नाहीतर पूर्ण परत जातो. १८८ कमी असोत की नऊ हजार, बँकेला सारखंच.

बरं, परत जाताना तो रिकाम्या हाताने जात नाही. काकांच्या बँकेने चेक परत केल्याबद्दल त्यांच्या खात्यातून ५०० रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, असे ५९० कापले. (प्रत्येक बँकेचा दर वेगळा असतो, जीएसटी मात्र सगळीकडे तेवढाच.) इथवर न्याय आहे. अन्याय पुढे आहे. सोसायटीच्या पासबुकात आधी ९,६०० जमा दिसले, मग तेच ९,६०० नावे पडले, आणि त्याखाली आउटवर्ड रिटर्न चार्जेस म्हणून १५० अधिक जीएसटी, एकूण १७७ रुपये! चेक काकांचा, खातं काकांचं, खड्डा काकांचा आणि दंड आम्हालाही. मी काउंटरवर विचारलं, "आमचा काय गुन्हा?" मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "तुम्ही भरला ना चेक? मग तो क्लिअरिंगला पाठवायचा आणि परत आला की उलटी एंट्री मारायची, एवढं काम आम्हाला पडलंच की."

जमा रकमेच्या भरवशावर मी त्याच दिवशी लिफ्टवाल्याला पैसे दिले नव्हते, हे नशीब. दिले असते तर आमचाही चेक परत गेला असता, आणि मग आम्हीही काकांच्या पंक्तीत.

काकांकडे मात्र खरी गंमत अजून व्हायची होती. ९,४१२ मधून ५९० गेल्यावर उरले ८,८२२. दोन दिवसांनी गाडीचा ९,००० चा हप्ता आपोआप कापला जाणार होता. दंड नसता तर तो आरामात गेला असता. आता तोही परत गेला, बँकेने पुन्हा ५९० घेतले, आणि कर्ज देणाऱ्या कंपनीने हप्ता चुकल्याचा आपला दंड वेगळा लावला. १८८ रुपयांच्या खड्ड्यात आतापर्यंत ११८० रुपये बँकेचे आणि १७७ आमचे गेले होते, कंपनीचे सोडूनच.

"चेक पुन्हा टाका," काका म्हणाले. टाकता येतो, तारखेपासून तीन महिन्यांच्या आत कितीही वेळा. पण प्रत्येक वेळी परत आला की दोन्हीकडे नव्याने कापाकापी. मी म्हटलं, "आधी शिल्लक किती ते सांगा, मग टाकतो." ते म्हणाले, "हा माझा खाजगी प्रश्न आहे."

सेक्रेटरी निवृत्त वकील. त्यांना ऊत आला. कलम १३८! बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात शिवाजीनगर कोर्टात फौजदारी तक्रार, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यांनी मसुदासुद्धा लिहून काढला. मी विचारलं, "काकांना आत टाकलं तर गणपतीची वर्गणी कोण गोळा करणार?" मसुदा कपाटात गेला. (तीस दिवसांची मुदत मात्र मी कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवली. शेजारधर्म आपल्या जागी, मुदत आपल्या जागी.)

शेवटी काकांनी पेन्शन आल्यावर ऑनलाइन पैसे पाठवले. बरोबर ९,६००. मी १७७ ची आठवण केली. "ते तुमच्या बँकेने घेतले, तिच्याकडे मागा." पुढच्या बिलात मी ‘चेक परतीचा खर्च, १७७’ असा रकाना घातला. काकांनी सर्वसाधारण सभेत तो मोठ्याने वाचून दाखवला आणि ठराव मागितला. पाऊण तास चर्चा झाली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या साडेसहा लाखांना याच सभेत पाच मिनिटंही लागली नव्हती. वसूल करायचे, असं ठरलं, काकांचा विरोध नोंदवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराखालून पाकीट सरकलं. आत १७७ रुपयांचा चेक होता. तो मी अजून भरलेला नाही. परत आला तर १७७ लागतील.